गौरी-गणपतीच्या आठवड्यात आलेला पॅनल राउंड : एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या मावसबहिणीचं आहे. तिच्या परवानगीने लिहिते आहे. कंपनीचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी स्वतः पुण्यात नऊ वर्षं रिक्रूटिंगचं काम केलं. त्यामुळे तिचा फोन आला तेव्हा तिची बाजू तर दिसत होतीच, आणि पलीकडे बसलेल्या माणसाच्या स्क्रीनवर काय उमटणार आहे तेही दिसत होतं.

पार्श्वभूमी

बहीण सहा वर्षांच्या अनुभवाची टेस्टिंग इंजिनिअर. खराडीतल्या एका कंपनीत जागा निघाली आणि सोमवार ११ ऑगस्ट २०२५ ला रिक्रूटरचा पहिला फोन आला. नोटीस पिरियड किती, आत्ताचा पगार किती, अपेक्षा किती, हे नेहमीचे प्रश्न झाले. शेवटी रिक्रूटरने विचारलं, "पुढच्या दोन-तीन आठवड्यांत इंटरव्ह्यूला कधी मोकळ्या आहात?" बहीण म्हणाली, "कधीही चालेल."

खरं तर चालणार नव्हतं. त्यांचं गाव गुहागर तालुक्यात. घरचा गणपती भावकीत फिरतो आणि त्या वर्षी पाळी मावशीच्या घराकडे होती. मावशीचे गुडघे दुखतात, काका एकटे. म्हणजे मखरापासून नैवेद्यापर्यंत सगळा भार बहिणीवर आणि तिच्या भावावर. चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती. गौरींचं आवाहन ३१ ऑगस्टला, पूजन १ सप्टेंबरला आणि विसर्जन २ सप्टेंबरला. त्यांच्याकडे गणपती गौरींबरोबर जातो. टेंपो ट्रॅव्हलर जूनमध्येच ठरवून इसार दिलेला होता. २६ ला पहाटे निघायचं, उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली घाट उतरायचा, आणि ३ सप्टेंबरला परत.

हे सगळं ११ ऑगस्टलाच तिला ठाऊक होतं. तरी ती बोलली नाही, कारण "पहिल्याच फोनवर सुट्टीचं काय सांगायचं, बरं दिसत नाही" असं तिला वाटलं. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघालं.

अडचण

पहिला टेक्निकल राउंड मंगळवारी, १९ ऑगस्टला व्हिडिओवर झाला आणि चांगला झाला. गुरुवारी, २१ तारखेच्या संध्याकाळी मेल आला. शेवटचा पॅनल राउंड २८ ऑगस्टला सकाळी ११ वाजता, खराडीच्या ऑफिसात, प्रत्यक्ष. पॅनलवर तिघं : दोघं पुण्यातले आणि हायरिंग मॅनेजर हैदराबादचे. ते त्यासाठी दोन दिवस पुण्यात येणार होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता.

२८ तारीख कुणी मुद्दाम निवडली नव्हती. रिक्रूटर गुरुग्रामची. तिच्या सुट्ट्यांच्या यादीत २७ ऑगस्टपुढे 'गणेश चतुर्थी' एवढंच लिहिलेलं. चतुर्थी झाली की सण संपला, असा तिचा साधा समज. चतुर्थीनंतर काही दिवसांनी गौरी येतात, त्यांचे तीन दिवस असतात, आणि कोकणात घर असलेल्या माणसाला तो अख्खा आठवडा जातो, हे तिला माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

रात्री साडेनऊला बहिणीचा फोन आला. मेसेज तिने लिहून ठेवला होता, फक्त पाठवायचा राहिला होता. वाचून दाखवला : "वैयक्तिक कारणामुळे पुढचा आठवडा मी उपलब्ध नाही. कृपया राउंड पुढे ढकलावा."

मी म्हटलं, "हा आत्ता पाठवू नकोस."

"का गं ताई? नम्रच आहे की."

नम्र होता. पण त्यात तारीख नव्हती. आणि 'वैयक्तिक कारण' हे शब्द पुण्यातल्या कुठल्याही रिक्रूटरने इतक्या वेळा ऐकलेले असतात की त्याचा तिच्या कानाला एकच अर्थ लागतो : दुसऱ्या कंपनीची ऑफर आलेली दिसते, आपल्याला लटकवून ठेवलंय. असा मेसेज आला की मी काय करायचे ते सांगते. उमेदवाराच्या नावापुढची 'शेड्यूल्ड' ही नोंद बदलून 'होल्ड' करायचे आणि तो स्लॉट यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायचे. त्यात राग वगैरे काही नसतो. तिघांच्या कॅलेंडरात मोकळा सापडलेला तास वाया घालवून चालत नाही, इतकंच. होल्डवर गेलेल्याला नकार कुणीच देत नाही. आठवड्याभराने मॅनेजर विचारतो, "अजून कोण राहिलंय?" तेव्हा त्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. जागा हातची जाते ती अशी.

समोरचे पर्याय

त्या रात्री तासभर बोललो. पहिला पर्याय मावशीने सुचवला होता : तू थांब, राउंड दे, आणि २८ ला रात्री एसटीने ये. म्हणजे चतुर्थीची प्रतिष्ठापना आणि पहिला नैवेद्य तिच्याशिवाय. पाळीच्या वर्षी ते बहिणीला नको होतं, आणि मला त्यात वाद घालायचा नव्हता. हे तिनेच ठरवायचं होतं.

दुसरा पर्याय गावाहून व्हिडिओवर देण्याचा. त्यांच्या घरात रेंज येत नाही. फोन लागतो तो वर सड्यावर, दहा मिनिटं चढून गेल्यावर. भाद्रपदातला पाऊस, वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, घरात पंचवीस माणसं. मी स्वतः असे इंटरव्ह्यू पलीकडून घेतले आहेत. आवाज तुटत जातो, उमेदवार माफी मागत राहतो, आणि शेवटी पॅनलच्या शेऱ्यात 'संवाद कमकुवत' असं लिहिलं जातं. रेंजचा दोष माणसाच्या नावावर जमा होतो. नंतर तो शेरा पुसायची सोय नसते. त्यामुळे हा पर्याय मी ठामपणे नको म्हटला.

तिसरा पर्याय भावाचा : ताप आलाय म्हणून सांग. खोटं बोलण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी यात एक व्यवहाराची खोट आहे. आजारी माणूस कधी बरा होईल हे त्यालाही सांगता येत नाही, म्हणजे रिक्रूटरला पुढची तारीख मिळतच नाही. सणाचं तसं नसतं. तो कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे पंचांगात छापलेलं असतं. आपली सगळ्यात भक्कम बाजू तीच होती, आणि ती सोडून तापाच्या मागे लपायचं काहीच कारण नव्हतं.

राहिलं तारीख बदलून मागणं. पण पुढची की आधीची? बहिणीच्या डोक्यात फक्त पुढची होती. ४ सप्टेंबर मागितली असती तर बाकीचे उमेदवार २८ आणि २९ लाच मॅनेजरना भेटले असते आणि तिच्यासाठी आठवडाभर थांबावं लागलं असतं. सण तोंडावर आला की आपल्याला 'नंतर' हाच शब्द सुचतो. पण आधीची तारीख मागणाऱ्यासाठी कुणाला थांबावं लागत नाही. म्हणून सोमवार २५ ऑगस्टपासून सुरुवात करायची ठरली.

काय केलं

रात्री काहीच पाठवलं नाही. शुक्रवारी, २२ ला सकाळी सव्वादहाला बहिणीने आधी फोन केला. लेखी विनंती थेट गेली की रिक्रूटर तिला हो किंवा नाही एवढंच उत्तर देते. फोनवर तिला विचारता येतं की नेमकं काय हलू शकतं. मी तिला हाच प्रश्न लिहून दिला होता : "या राउंडमध्ये पक्कं काय आहे? तारीख, की प्रत्यक्ष भेट, की तिघांनी एकत्र बसणं?"

बोलणं हिंदी-इंग्रजीत झालं. त्याचा मराठीत आशय असा.

"मॅनेजरांचं विमानाचं तिकीट झालंय, ते २८-२९ लाच पुण्यात आहेत," रिक्रूटर म्हणाली. "तुम्ही आधी बोलला असतात तर बरं झालं असतं."

"हो, ते माझं चुकलं. पहिल्या फोनवरच सांगायला हवं होतं. पण पुण्यातले दोघं मला वेगळे भेटू शकतील का?"

थोडा वेळ शांतता. मग, "लिहून पाठवा. मी पुढे पाठवते."

'पुढे पाठवते' हे शब्द महत्त्वाचे. रिक्रूटर आपली विनंती स्वतःच्या शब्दांत समजावून सांगत बसत नाही, तेवढा वेळ तिच्याकडे नसतो. मेल जसाच्या तसा मॅनेजरकडे जातो. म्हणून तो मॅनेजरच्या डोळ्यांनी वाचून लिहावा लागतो. बहिणीने इंग्रजीत पाठवलेल्या मेलचा मजकूर मराठीत असा होता :

"सकाळी बोलल्याप्रमाणे लिहिते आहे. पॅनल राउंड मला नक्की द्यायचा आहे. मंगळवार २६ ऑगस्ट ते बुधवार ३ सप्टेंबर मी पुण्याबाहेर आहे. घरचा गणपती गावी असतो आणि हा प्रवास जूनमध्येच ठरला आहे.

आधी : सोमवार २५ ऑगस्ट, दिवसभरात केव्हाही, खराडीच्या ऑफिसात प्रत्यक्ष.

नंतर : गुरुवार ४ सप्टेंबर, केव्हाही, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर.

पुण्यातल्या सदस्यांशी २५ ला आणि मॅनेजरांशी ४ ला व्हिडिओवर, असे दोन भाग केले तरी चालेल.

गावी रेंज कमी आहे. मेल रोज संध्याकाळी ७ वाजता पाहीन आणि त्याच वेळी उत्तर देईन."

यात माफी दोनदा मागितलेली नाही आणि गौरी म्हणजे काय हे समजावलेलं नाही. पहिल्या मसुद्यात गौरींवर चार ओळी होत्या, त्या मी काढायला लावल्या. गुरुग्राम किंवा हैदराबादच्या माणसाला सण समजण्याची गरज नसते. त्याला कॅलेंडरात भरायला तारखा आणि वार लागतात. शेवटची सात वाजताची ओळ मात्र बहिणीच्या डोक्यातून आली, आणि पुढे तीच सगळ्यात कामाला आली.

दुपारी चारला उत्तर आलं. २५ ला संध्याकाळी साडेपाचला पुण्यातले दोघं भेटतील. "मॅनेजरांचं ४ सप्टेंबरचं ठरवून कळवते."

बहिणीच्या जिवात जीव आला. माझ्या नाही. 'ठरवून कळवते' म्हणजे मॅनेजरच्या कॅलेंडरात अजून काहीच नाही. तिथे इन्व्हाइट जाऊन बसत नाही तोवर ती वेळ आपली नसते. बहिणीला परत विचारायचा संकोच वाटत होता, पण मी तिला लिहायला लावलं : "४ तारखेचं इन्व्हाइट आत्ताच पाठवाल का? वेळ नंतर बदलली तरी चालेल." २५ चा राउंड चांगला झाला, आणि ती खराडीहून घरी पोचायच्या आत इन्व्हाइट आलं : ४ सप्टेंबर, सकाळी १०.

गावी गेल्यावर

शुक्रवारी, २९ ला संध्याकाळी सात वाजता ती भावाबरोबर सड्यावर चढली. पाऊस भुरभुरत होता. भावाने छत्री धरली, हिने ओढणीने स्क्रीन पुसत मेल उघडला. मॅनेजर यादी लवकर आवरू पाहत होते. १ सप्टेंबरला दुपारी ४ वाजता वीस मिनिटं व्हिडिओवर जमेल का, असं विचारलं होतं.

१ सप्टेंबर म्हणजे गौरी पूजनाचा दिवस. तिने तिथूनच मला फोन लावला. "ताई, वीस मिनिटांचाच प्रश्न आहे. देऊन टाकू का?"

मोह मलाही झाला. मॅनेजर स्वतः लवकर भेटू पाहतात ही चांगली खूण होती. पण वीस मिनिटं द्यायची कुठून? याच सड्यावरून, पावसात, व्हिडिओवर. आणि एकदा हो म्हणून ऐन वेळी रेंज गेली तर ती दुसरी अडचण धरली गेली असती. तारीख एकदा बदलून मागितली तर कुणाला काही वाटत नाही. दुसऱ्यांदा काही बिघडलं की कारण कितीही खरं असो, 'या बाईला रस नाही' असं समजलं जातं. हे मी पलीकडे बसून पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

तिने उत्तर लिहिलं : १ ला शक्य नाही, ४ ला १० ची वेळ ठरलेली आहे, ती ठेवावी ही विनंती. त्याआधीच हवं असेल तर २ ला सकाळी ९ ते १० मध्ये गुहागरच्या बाजारपेठेत येऊन साधा फोन घेऊ शकेन, व्हिडिओ नाही. मेल सव्वासातला गेला. सात वाजता मेल पाहीन असं तिने कळवलेलंच होतं, त्यामुळे दिवसभराचं मौन कुणाला खटकलं नाही.

शनिवार, रविवार काहीच उत्तर नाही. गौरी आल्या, हळदीकुंकवाची पावलं काढून झाली, आणि ही मनातल्या मनात सड्यावरच होती. पूजनाच्या दिवशी संध्याकाळी वर जाऊन पाहिलं तर एका ओळीचं उत्तर पडलेलं होतं : "४ तारीख कायम."

निकाल

४ सप्टेंबरचं बोलणं चाळीस मिनिटं चाललं. ११ सप्टेंबरला ऑफर आली.

पण ती ज्या टीमसाठी बोलली होती त्या टीममधली नाही. त्या जागेवर २८ ऑगस्टला मॅनेजरना प्रत्यक्ष भेटलेल्या उमेदवाराला घेतलं. दुसऱ्या टीममध्ये तशीच एक जागा होती, ती हिला मिळाली. पगार ठरला होता तेवढाच. काम थोडं वेगळं, ऑटोमेशन कमी. २८ ला ती पुण्यात असती तर पहिली जागा तिला मिळाली असती का, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण समोरासमोर भेटलेला माणूस आणि आठवड्याने स्क्रीनवर दिसलेला माणूस यांत फरक पडतो, आणि तो इथे पडला असावा असं मला वाटतं. बहिणीला हे आधीच सांगितलं होतं. पाळीच्या वर्षाची ती किंमत तिला मान्य होती.

आज वेगळं काय केलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट ११ ऑगस्टची. "कधी मोकळ्या आहात?" या प्रश्नाला तिने एवढंच म्हणायला हवं होतं : "२५ ऑगस्टपर्यंत केव्हाही आणि ४ सप्टेंबरपासून केव्हाही, मधले दिवस पुण्याबाहेर आहे." त्या वेळी कुणाचा स्लॉट अडलेला नव्हता, कुणाचं तिकीट निघालेलं नव्हतं. रिक्रूटरने ते शेऱ्यात टिपून ठेवलं असतं आणि मॅनेजरनी तिकीट काढण्याआधी तो शेरा त्यांच्यासमोर आला असता. तेच वाक्य दहा दिवसांनी बोललं की त्याची विनंती होते आणि त्यासाठी तीन कॅलेंडरं हलवावी लागतात.

दुसरी गोष्ट परतीच्या दिवसाची. आम्ही ४ सप्टेंबरला 'केव्हाही' म्हणालो आणि सकाळी १० ची वेळ आली. ३ ला घाटात गाड्या तुंबल्या, घरी पोचायला रात्रीचे साडेअकरा वाजले. ती सकाळी बसली तेव्हा आवाज बसलेला होता. दुपारी दोननंतरची वेळ मागायला हवी होती. ते मला सुचायला हवं होतं.

आणि हा मार्ग सगळीकडे चालत नाही. शनिवारच्या भरतीच्या ड्राइव्हला एकाच दिवसात शंभर जण तपासायचे असतात. तिथे तारीख बदलत नाही, पुढच्या ड्राइव्हला बोलवाल का एवढंच विचारता येतं. मध्ये कन्सल्टन्सी असेल तर तुमचा निरोप दोन हातांतून जातो, आणि फोनवर सांगितलेलं दुसऱ्या हातापर्यंत पोचेलच असं नाही. तिथे मेलच लिहावा आणि तो कंपनीकडे गेला का हे दुसऱ्या दिवशी विचारावं.

एक गोष्ट ती रुजू झाल्यावर कळली. पॅनलवरचे पुण्यातले दोघंही शनिवारी, २३ ऑगस्टला एका रिलीजसाठी दिवसभर ऑफिसात होते, आणि मॅनेजरही हैदराबादेहून दुपारपर्यंत त्यांच्याबरोबर कॉलवर होते. शनिवारी तिघंही एकत्र मिळाले असते, आणि तेही बाकीच्या उमेदवारांच्या आधी. आमच्या मेलमध्ये 'आधी' या शब्दापुढे एकच वार होता, सोमवार. बहीण शनिवारी पुण्यातच होती, मखराचं सामान आणायला मंडईत गेली होती. शनिवार लिहायचा आम्हाला सुचलाच नाही.